मूल नुसतं चंचल आहे की एडीएचडी? घरच्या नोंदींपासून रोजच्या कार्डापर्यंत

शाळेतली समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारे बहुतेक पालक पहिल्याच वाक्यात विचारतात, "याला एडीएचडी आहे का, की वयच असं आहे?" एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, थांबणं आणि हालचाल आवरणं अवघड करणारी, मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था. मूल किती हालतंय हे पाहून पालकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ते मिळतं चार गोष्टी तपासून: हे किती काळ चाललंय, कधीपासून चाललंय, कुठे कुठे दिसतंय आणि त्यापायी मुलाचं नेमकं काय नुकसान होतंय. पुढे जे लिहिलंय ते शाळकरी मुलांपुरतं, म्हणजे साधारण सहा ते बारा वयाबद्दल आहे. तपासणीला जाण्याआधी घरी आणि वर्गात काय टिपून ठेवायचं, तज्ज्ञ काय पाहतात, आणि निदान झाल्यावर सर्वांत उपयोगी पडणारं एक साधन रोजच्या रोज कसं चालवायचं, हे मी त्यात सविस्तर सांगणार आहे.

चंचलता आणि एडीएचडी यांतला फरक

चंचल मूल मैदानावर धावतं, घरी सोफ्यावरून उड्या मारतं, जेवताना तीनदा उठतं. पण वर्गात चाचणी सुरू झाली, किंवा त्याला महत्त्वाचं वाटणारं काही समोर आलं, की ते स्वतःला आवरतं. थोडी कुरबूर करेल, पण आवरतं. एडीएचडी असलेल्या मुलाला आवरायची इच्छा असूनही ते दिवसातून अनेकदा जमत नाही, आणि ज्या प्रसंगात आवरणं त्याच्याच फायद्याचं असतं तिथेही जमत नाही. आवडत्या मित्राच्या वाढदिवसाच्या खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबता न आल्यामुळे खेळातून बाहेर काढलं गेलेलं मूल हट्टी नसतं. थांबायचं होतं हे त्याला दोन मिनिटांनी कळलेलं असतं आणि वाईटही वाटलेलं असतं.

इथे पालक हमखास एक शंका काढतात: "पण मोबाइलवरच्या गेममध्ये दोन तास गुंगून बसतो की!" बसतोच. गेममध्ये दर काही सेकंदांनी गुण मिळतात, आवाज होतो, पुढचा टप्पा उघडतो. अशा ताबडतोब मिळणाऱ्या प्रतिसादावर एडीएचडी असलेल्या मुलाचं लक्ष छान टिकतं. ते ढासळतं ते संथ, लांबलचक आणि फळ उशिरा मिळणाऱ्या कामात: फळ्यावरचं उतरवून घेणं, वीस गणितं, दप्तर भरणं. म्हणून गेमच्या जोरावर एडीएचडी नाही असं म्हणता येत नाही, तसंच गणिताच्या कंटाळ्यावरून आहे असंही म्हणता येत नाही.

यामागे मेंदूच्या वाढीचा वेग आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की मेंदूच्या बाह्य थराची जाडी इतर मुलांमध्ये साडेसात वर्षांच्या सुमारास सर्वाधिक होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास. नियोजन करणं, थांबणं, लक्ष टिकवणं या कामांचा भार वाहणाऱ्या पुढच्या भागात हा उशीर सर्वांत ठळक होता. वाढीची दिशा तीच असते, फक्त ती उशिरा होते. हे समजलं की "नऊ वर्षांचा घोडा झाला तरी दप्तर भरता येत नाही" या वाक्यातला राग थोडा कमी होतो.

दोन सापळे मात्र ध्यानात ठेवा. पहिला वयाचा. एकाच वर्गातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मुलात जवळपास वर्षाचं अंतर असू शकतं, आणि सहा-सात वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे फार मोठी गोष्ट. वर्गातल्या वयाने लहान मुलांना एडीएचडीचं निदान जास्त वेळा मिळतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा तुलना करताना वर्गाशी करू नका, त्याच महिन्याच्या आसपास जन्मलेल्या मुलांशी करा.

दुसरा सापळा शांत मुलांचा, आणि त्यात मुली जास्त सापडतात. खिडकीबाहेर पाहत बसलेली, कुणालाच त्रास न देणारी, वही नेहमी अर्धवट ठेवणारी मुलगी कुणाच्या तक्रारीत येत नाही. तिला अतिचंचलता नसते, फक्त अवधान टिकत नाही, आणि तेही एडीएचडीच असू शकतं. अशी मुलं बऱ्याचदा वरच्या वर्गात अभ्यास वाढल्यावर, "हुशार आहे पण आळशी आहे" हा शिक्का बसून गेल्यावर उघडकीला येतात.

तज्ज्ञांकडे जाण्याआधीचे दोन आठवडे

तपासणीत रक्ताची चाचणी नसते, आणि मेंदूच्या स्कॅनवरूनही हे निदान होत नाही. निदान उभं राहतं ते माहितीवर. ती माहिती तुम्ही आणि शिक्षक देता, म्हणून ती नेमकी असायला हवी. दोन आठवडे रोज दोन-तीन प्रसंग लिहून ठेवा. प्रत्येक प्रसंगात किती वाजता, काय करायला सांगितलं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि त्यातून काय बिघडलं, एवढंच असू द्या.

"आज अभ्यासाला बसताना खूप त्रास दिला" ही नोंद कुणाच्याही उपयोगाची नाही. तीच अशी लिहा: "सायंकाळी ६.१०. गणिताची सहा उदाहरणं. पहिलं बरोबर सोडवलं. दुसऱ्याला पेन्सिल शोधायला उठला, वाटेत बहिणीच्या खेळात शिरला. तीन वेळा आणून बसवलं. ७.०५ ला चार झाली, एकात बेरजेऐवजी वजाबाकी." या पाच ओळींतून तज्ज्ञाला कळतं, की मुलाला गणित येतं, अडचण सुरू ठेवण्यात आहे आणि चिन्हाकडे दुर्लक्ष होतंय. पहिलंच उदाहरण सुटलं नसतं, तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागला असता. चांगले प्रसंगही लिहा. कोणत्या कामात, कुणाजवळ, दिवसाच्या कोणत्या वेळी मूल नीट टिकतं, हे तितकंच महत्त्वाचं असतं.

वर्गातली नोंद शिक्षकांनी, किंवा शक्य असेल तर वर्गात मागे बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने करावी. पद्धत सोपी आहे. वीस मिनिटांचं लिखाणाचं काम निवडा. दर तीस सेकंदांनी एकदा मुलाकडे पाहा आणि त्या क्षणी ते कामात आहे की नाही एवढी एकच खूण करा. त्याच वेळी वर्गातल्या दुसऱ्या एका सर्वसाधारण मुलाकडेही पाहून तशीच खूण करा. हे दुसरं मूल सर्वांत हुशार किंवा सर्वांत शांत नको, मधलं हवं. अशा चाळीस खुणा होतात. आपलं मूल चाळीसपैकी सोळा वेळा कामात आणि दुसरं एकतीस वेळा, असं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या विषयांत तीनदा दिसलं, तर ही निव्वळ शिक्षकाची चिडचिड नाही हे स्पष्ट होतं. आणि दोघंही अठराच्या आसपास असतील, तर प्रश्न मुलाचा नसून तासाचा आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे दिसतं. ही मोजणी म्हणजे निदान नव्हे. पण "अजिबात लक्ष देत नाही" या वाक्यापेक्षा ती तज्ज्ञाला कितीतरी जास्त सांगते.

तज्ज्ञ काय तपासतात

निदान करायचं ते बालमानसोपचारतज्ज्ञ, मुलांच्या विकासाचे बालरोगतज्ज्ञ किंवा या कामाचं प्रशिक्षण असलेले मानसशास्त्रज्ञ यांनी. शिक्षक किंवा समुपदेशक शंका घेऊ शकतात, शिक्का मारू शकत नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत अवधानाची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. सतरा वर्षांखालच्या मुलात कोणत्याही एका गटातली किमान सहा लक्षणं, किमान ६ महिने, वयाला न शोभतील इतकी असावी लागतात. त्यांतली काही १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांमुळे अभ्यासात, मैत्रीत किंवा घरात खरोखर अडथळा यावा लागतो. शिवाय ती दुसऱ्या कुठल्या अडचणीतून आलेली नाहीत ना, हेही पाहावं लागतं.

मोजणीसाठी पालक आणि शिक्षकांना स्वतंत्र प्रश्नावल्या देतात. सहा ते बारा वयासाठी व्हँडरबिल्ट प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यात प्रत्येक वाक्यासमोर कधीच नाही, कधी कधी, बरेचदा आणि खूपच वेळा असे चार पर्याय असतात, ० ते ३. त्यांतले २ आणि ३ एवढेच लक्षण म्हणून मोजतात. पहिल्या नऊ वाक्यांत सहा किंवा जास्त ठिकाणी २ किंवा ३ आलं, आणि शेवटच्या भागात अभ्यास किंवा नातेसंबंध यांत किमान एका ठिकाणी अडचण नोंदली गेली, तर अवधानाची बाजू भरली असं धरतात. ही प्रश्नावली भरताना पालकांची एक गडबड होते. मागच्या वादावादीचा राग मनात असतो आणि सगळीकडे ३ टाकला जातो; किंवा मुलावर शिक्का बसेल या भीतीने सगळीकडे १. गेल्या सहा महिन्यांतला साधारण दिवस डोळ्यांसमोर आणा आणि दोन्ही पालकांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळी भरा.

घरची प्रश्नावली सात लक्षणं दाखवते आणि शाळेची दोनच, असं झालं तर? मग तज्ज्ञाने तिथेच थांबून प्रश्न विचारायला हवेत. घरी झोपेच्या वेळा विस्कटल्या आहेत का, घरात ताण आहे का, की शाळेत पंधराच मुलांचा वर्ग आणि शिस्तीची, तरी प्रेमळ शिक्षिका असल्यामुळे मूल तिथे सावरलं जातंय? उलट शाळेत आठ आणि घरी एक, असं असेल तर वाचन-लेखनाची अडचण आधी तपासायला हवी. ज्याला अक्षरंच नीट उलगडत नाहीत, ते मूल वाचनाच्या तासाला इकडेतिकडे बघणारच. आता काही मुलांना अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही असतात, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसऱ्याची तपासणी सोडून द्यायची नाही.

चांगल्या तपासणीत कान आणि डोळे तपासले जातात. झोपेबद्दल विचारतात: रात्री जोरात घोरणं, तोंडाने श्वास घेणं, श्वास अडकल्यासारखा होऊन दचकणं. टॉन्सिल किंवा नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्यामुळे झोप मोडणारं मूल दिवसा मोठ्यांसारखं पेंगत नाही, ते सैरभैर होतं, आणि हुबेहूब एडीएचडीसारखं दिसतं. मूल "हरवून जातं" असं शिक्षक म्हणत असतील तर ते कसं, हे विचारा. हाक मारल्यावर किंवा खांद्याला हात लावल्यावर लगेच भानावर येत असेल, तर ते बहुधा अवधानाचं हरवणं. बोलता बोलता मध्येच काही सेकंद थबकून, पापण्या फडफडत, हात लावूनही प्रतिसाद न देता, मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू होत असेल, तर तो फेफऱ्याचा एक प्रकार असू शकतो. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊन मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी काढावा लागतो. चिंतेने पछाडलेलं मूलही लक्ष देऊ शकत नाही, पण त्याचं मन भटकत नसतं, एकाच भीतीभोवती फिरत असतं.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुरुवातीचा. एडीएचडी अचानक उगवत नाही. दहाव्या वर्षापर्यंत ठीक असलेलं मूल गेल्या तीन महिन्यांत बिघडलं असेल, तर काय बदललं ते शोधा: घरातलं भांडण, कुणाचा मृत्यू, शाळेतली दादागिरी, कुणाकडून होणारा छळ, एखादं नवं औषध. पंधरा मिनिटांच्या एका भेटीत, शाळेकडून काहीही न मागवता कुणी निदान करून औषध लिहून देत असेल, तर दुसरं मत घ्या.

रोजचं कार्ड: एक पूर्ण उदाहरण

निदानानंतर पालकांना सल्ल्यांची रास मिळते. पुढे बसवा, वेळापत्रक लावा, कौतुक करा. यांत चूक काहीच नाही, पण एडीएचडी असलेल्या मुलाची गाडी अडते ती नेमक्या क्षणी, नेमक्या जागी, आणि मदतही तिथेच पोचावी लागते. रविवारी संध्याकाळी समजावून सांगितलेलं बुधवारी तिसऱ्या तासाला उपयोगी पडत नाही. म्हणून मी सर्वांत आधी रोजचं वर्तन-कार्ड सुरू करायला सांगते. शाळेत ठरलेल्या दोन-तीन गोष्टींवर शिक्षक दर तासाला खूण करतात, कार्ड घरी जातं आणि त्याच संध्याकाळी त्याचं फळ मिळतं. ऐकायला साधं आहे. ते फसतं ते तपशिलात, म्हणून तपशिलातच जाऊ.

नऊ वर्षांच्या एका मुलाला आपण अर्णव म्हणू. शिक्षिकेची तक्रार: "लक्ष नाही, काम पूर्ण नाही, सारखा मध्ये बोलतो, वस्तू विसरतो." यातलं "लक्ष नाही" मोजता येत नाही, म्हणून ते कार्डावर येत नाही. उरलेल्यांतून तीन गोष्टी निघतात: दिलेल्या लिखाणाचा ठरलेला भाग वेळेत होणं, हात वर न करता बोलणं, आणि घरी जाताना गृहपाठाची वही, डायरी व कंपास दप्तरात असणं.

आता पहिले पाच दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. हाच टप्पा लोक गाळतात, आणि पुढचं सगळं त्यामुळेच कोसळतं. अर्णवचं लिखाण सरासरी चाळीस टक्के पूर्ण होत होतं. हात वर न करता तो एका तासाला साधारण सात वेळा बोलायचा. तिन्ही वस्तू पाच दिवसांत एकदाच दप्तरात होत्या.

उद्दिष्ट या आकड्यांच्या थोडंसंच पुढे ठेवायचं. शिक्षिकेला साहजिकच वाटलं, की निदान पूर्ण काम तरी मागावं. पण पूर्ण कामाचं उद्दिष्ट ठेवलं असतं तर अर्णव पहिल्या दिवशी चारही तास हरला असता, आणि तिसऱ्या दिवशी कार्डच हरवलं असतं. मनापासून प्रयत्न केल्यावर चारपैकी तीन वेळा तरी जमेल, इतपतच ते सोपं हवं. म्हणून ठरलं: लिखाण निम्मं, आणि निम्मं म्हणजे कुठपर्यंत हे शिक्षिका समासात ठिपका देऊन दाखवणार. बोलणं तासाला सहा किंवा कमी. वस्तूंसाठी सुटताना शिक्षिकेची एकच आठवण. चार तासांचे दोन-दोन आणि दप्तराचा एक, असे दिवसाचे नऊ गुण.

घरचं फळ आधीच, अर्णवला विचारून ठरलं. सात किंवा जास्त गुण मिळाले तर त्याने निवडलेली अर्ध्या तासाची गोष्ट: बाबांबरोबर बॅडमिंटन, गेम, किंवा झोपताना जास्तीचा एक अध्याय. पाच-सहा गुणांना पंधरा मिनिटं. त्याहून कमी असतील तर काही नाही, पण शिक्षाही नाही, व्याख्यानही नाही. फक्त "उद्या परत बघू."

पहिल्या आठवड्यात गुण आले ६, ७, ४, ८, ७. बुधवारचं कार्ड असं होतं:

| | तास १ | तास २ | तास ३ | तास ४ |
|---|---|---|---|---|
| ठिपक्यापर्यंत लिखाण | ✓ | ✓ | ✗ | ✗ |
| हात वर न करता बोलणं, ६ किंवा कमी | ✓ | ✗ | ✗ | ✗ |
| तिन्ही वस्तू दप्तरात (सुटताना) | | | | ✓ |

चार गुण पाहून आई खचली होती. पण कार्ड हे शिक्षेसाठी नाही, वाचण्यासाठी आहे. मधल्या सुट्टीनंतरचे तिसरा आणि चौथा, दोन्ही तास पूर्ण गेले होते. विचारल्यावर कळलं, की बुधवारी त्या दोन तासांना सलग उतरवून घेण्याचं काम असतं. म्हणजे मूल बिघडलं नव्हतं, कामाची लांबी त्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. पुढच्या बुधवारी शिक्षिकेने ते काम दोन तुकड्यांत दिलं. पहिल्या ठिपक्यावर अर्णवने वही टेबलावर नेऊन दाखवायची आणि मगच पुढचा ठिपका मिळायचा. उठून टेबलापर्यंत जाणं हीच त्याची हक्काची हालचाल झाली. त्या बुधवारी सात गुण आले.

सलग दोन आठवडे बहुतेक दिवस सात किंवा वर गेल्यावर फक्त एकच उद्दिष्ट वाढवायचं. आधी बोलणं सहावरून चारवर आलं, त्यानंतर लिखाण निम्म्यावरून दोन तृतीयांशवर. दोन्ही एकदम वाढवलं की गुण कोसळतात आणि मूल कार्डावरच रुसतं.

कार्ड कुठे फसतं, हेही सांगते. फळ म्हणून महिनाअखेरीला नवी सायकल ठेवली की फसतं, कारण या मुलांना महिनाअखेर दिसतच नाही. शिक्षक मागच्या बाजूला तक्रारी लिहायला लागले की फसतं. मूल कार्ड लपवतं. शाळेत मिळवलेली अर्ध्या तासाची गोष्ट घरी बहिणीशी भांडला म्हणून काढून घेतली, तर दुसऱ्या दिवसापासून त्याचा त्यावरचा विश्वास उडतो. मिळवलेलं ते मिळवलेलं. दोन-तीन आठवड्यांनी गुण आपोआप घसरू लागले, तर बहुधा फळाचा कंटाळा आलेला असतो; नवी यादी मुलाबरोबर बसून करा. आणि "आता सुधारलाय" म्हणून महिन्याभरात कार्ड बंद केलं की बहुतेक वेळा सगळं मूळ पदावर येतं. चष्मा लावल्यावर दिसायला लागलं म्हणून आपण चष्मा काढून ठेवत नाही, तसंच हे. शिक्षकांसाठी एकच अट: एका तासाची खूण काही सेकंदांत व्हायला हवी. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर कार्ड फार मोठं आहे.

घरीही तोच नियम. सूचना दुसऱ्या खोलीतून ओरडून द्यायची नाही. जवळ जा, नजर मिळू द्या, एकच काम सांगा आणि काय करायचंय ते त्याच्या तोंडून ऐका. "आवरून घे" हे काम नसून दहा कामांची गाठ आहे. "आधी चप्पल रॅकमध्ये ठेव" हे काम. अभ्यास दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, समोर घड्याळ किंवा टायमर ठेवून. वेळ किती उरला हे या मुलांना आतून जाणवत नाही, डोळ्यांना दिसावं लागतं. परीक्षेत नुसता जादा वेळ मागण्यापेक्षा कमी वर्दळीची जागा आणि पेपर तुकड्यांत सोडवण्याची मुभा मागा, असं माझं मत आहे. लक्ष संपलेल्या मुलाला वरचा अर्धा तास बहुधा भटकण्यातच जातो.

औषधाचा विचार कधी

सहा वर्षांखाली आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध शक्यतो नाही. त्यापुढे मतं थोडी वेगळी आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सहा ते बारा वयात औषध आणि रोजच्या कार्डासारखे वर्तन-उपाय दोन्ही एकत्र सुचवतात. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेची २०१८ ची तत्त्वं आधी पालकांना माहिती व आधार आणि घर-शाळेतले बदल करायला सांगतात, आणि तरीही लक्षणीय अडथळा राहिला तर औषध. मूल रोज अपमानित होत असेल, स्वतःला वाईट समजायला लागलं असेल, किंवा उतावळेपणातून रस्त्यावर धावण्यासारखा धोका असेल, तर मी पालकांना औषधाचा निर्णय पुढे ढकलू नका असं सांगते.

बहुतेकदा मिथिलफेनिडेट या औषधाने सुरुवात होते. साध्या गोळीचा परिणाम तासाभरात जाणवू लागतो आणि सुमारे चार तास टिकतो. हळूहळू सुटणारे प्रकार शाळेचा दिवस भागवतात. डॉक्टर छोट्या मात्रेने सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. त्याआधी मुलाच्या हृदयाबद्दल आणि घराण्यात तरुण वयात अचानक झालेल्या मृत्यूंबद्दल विचारलं जायला हवं. कुणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. भूक मंदावणं आणि झोप उशिरा लागणं हे सर्वाधिक दिसणारे परिणाम. म्हणून उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब ठरावीक अंतराने मोजावे लागतात. मूल शांत झालं पण निर्जीव, हसणं विसरलेलं दिसू लागलं, तर ते यश नाही. मात्रा जास्त झाली असावी. डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा.

इथे रोजचं कार्ड दुसऱ्यांदा कामाला येतं. औषध सुरू करताना कार्डाची उद्दिष्टं बदलू नका, आणि शिक्षकांनी नेहमीसारख्या खुणा करत राहावं. आधीच्या आणि नंतरच्या दोन आठवड्यांचे गुण शेजारी ठेवले की औषध काम करतंय का, किती वाजेपर्यंत करतंय, हे डॉक्टरांना कागदावर दिसतं. सकाळचे तास सुधारले आणि दुपारचे तसेच राहिले, तर औषधाचा प्रकार किंवा वेळ बदलायला हवी असेल.

औषधाकडून काय अपेक्षा ठेवायची? अमेरिकेतल्या एमटीए या मोठ्या अभ्यासात ५७९ मुलं होती, आणि १४ महिन्यांच्या उपचारांचे निकाल १९९९ मध्ये आले. मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेलं औषध एकट्या वर्तन-उपायांपेक्षा सरस ठरलं. औषधाबरोबर वर्तन-उपाय दिलेल्या गटाला मात्र सरासरी कमी मात्रा पुरली. नियोजित उपचार थांबल्यावर, तीन वर्षांच्या टप्प्यावर गटांमधला फरक उरला नव्हता. उपचार चालू असेपर्यंतच चालतात, असा मी त्याचा अर्थ घेते. औषधामुळे मूल जागेवर बसतं, पण दप्तर कसं भरायचं किंवा मित्राशी पाळी कशी वाटून घ्यायची हे त्याला शिकवावंच लागतं.

सहा ते आठ आठवडे कार्ड नीट चालवूनही गुण हलत नसतील, मूल उदास राहत असेल किंवा मरणाच्या गोष्टी करत असेल, तर पुन्हा तज्ज्ञांकडे जा. मरणाचं बोलणं असेल तर त्याच दिवशी. सगळं ठीक चाललं असेल, तर काही महिन्यांनी रोजच्या खुणा दिवसातून दोनदा, मग आठवड्याच्या कार्डावर आणता येतात. वर्ग किंवा शिक्षक बदलताना मात्र पुन्हा रोजच्या कार्डावर या. नव्या शिक्षकांना निदानाची जाड फाइल देऊ नका, एकच पान द्या: काम ठिपक्यांच्या तुकड्यांत दिलं की होतं, मधल्या सुट्टीनंतर लांब लिखाण नको, सूचना जवळ जाऊन एकावेळी एक, आणि सोबत मागच्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्याचं भरलेलं कार्ड.